पाळीच्या अ‍ॅपने दिलेली तारीख: किती धरायची, किती सोडायची

जुलै २०२५च्या पहिल्या आठवड्यात माझ्या मावसबहिणीने फोन समोर धरला आणि म्हणाली, "ताई, बघ गं. ऑगस्टची पाळी २६ला येणार आणि ३०ला संपणार. गौरी ३१ला बसतात. म्हणजे यंदा प्रश्नच नाही ना?" कॅलेंडरवर पाच गुलाबी गोळे अगदी नीट ओळीत बसले होते, आणि त्यांना लागून ३१ तारीख कोरी होती.

पाळीत गौरीपुढे जायचं की नाही, हा ज्या त्या घरचा प्रश्न. माझं मत वेगळं आहे, पण तिचं सासर तिला सांभाळायचं आहे. मला खटकले ते गुलाबी गोळे. पुढची पाळी अजून यायची होती, हे भाकीत तिच्याही पुढच्या पाळीचं होतं, आणि अ‍ॅप ते एखाद्या रेल्वेच्या वेळापत्रकासारखं दाखवत होतं. मग आम्ही दोघी बसलो आणि तो पडदा मुळापासून वाचला. ज्यांनी नुकतंच असं अ‍ॅप घेतलंय त्यांच्यासाठी तोच क्रम इथे लिहिते. आकडे तिचेच आहेत, तिला विचारून दिलेत.

आधी अ‍ॅपला काय माहीत आहे ते बघा

साध्या अ‍ॅपला तुमच्या शरीरातलं काहीही कळत नाही. त्याच्याकडे असतात फक्त तारखा, त्याही तुम्ही भरलेल्या. एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत किती दिवस गेले, ते एक चक्र. मागच्या काही चक्रांची सरासरी काढायची आणि ती शेवटच्या तारखेत मिळवायची, एवढंच बहुतेक भाकितांचं गणित असतं.

नवीन अ‍ॅपमध्ये मागच्या तारखाच नसतात. त्यामुळे ते सुरुवातीला साधारण २८ दिवस धरून चालतं, किंवा तुम्ही अंदाजाने सांगितलेला आकडा घेतं. हा २८ पाठ्यपुस्तकातला आकडा आहे. २०१९ साली एका अ‍ॅपमधल्या सहा लाखांहून अधिक चक्रांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सरासरी २९.३ दिवस निघाली, आणि बरोबर २८ दिवसांची चक्रं शंभरात जेमतेम तेरा होती. म्हणून पहिले दोन-तीन महिने पडद्यावर दिसणारी तारीख तुमची नसते, कुणा कल्पित बाईची असते.

यावर उपाय सोपा आहे. जुन्या तारखा शोधून भरा. माझ्या बहिणीच्या स्वयंपाकघरात भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने बारीक फुल्या होत्या, आईने लावलेली सवय. त्यातून जानेवारीपासूनच्या सगळ्या तारखा मिळाल्या. किमान सहा चक्रं भरा, म्हणजे पाळीच्या सात तारखा. आठवत नसेल ती तारीख मनाने घालू नका. चुकीच्या तारखेपेक्षा कोरी जागा बरी, पण मधलीच तारीख कोरी राहिली तर वेगळा घोळ होतो. त्याकडे पुढे येते.

पहिला दिवस कोणता, हे एकदाच ठरवा आणि मग बदलू नका. नुसता तपकिरी डाग दिसला तर तो दिवस पाळीचा नाही. पॅड घ्यावं लागेल असा लाल रक्तस्राव सुरू झाला तो पहिला दिवस. अ‍ॅपमध्ये डागांसाठी निराळी नोंद असते, ती वापरा. माझी बहीण कधी डागाचा दिवस धरायची, कधी दुसऱ्या दिवसाचा. एवढ्यानेच तिची चक्रं एक-दोन दिवसांनी उगाच मागेपुढे होत होती, आणि अ‍ॅप तो सगळा दोष तिच्या शरीराच्या खाती टाकत होतं.

आता फरकाचा आकडा वाचा

भाकिताच्या पडद्यावर नाहीतर विश्लेषणाच्या पानावर दोन आकडे शेजारी असतात. `Average cycle length` म्हणजे चक्राची सरासरी लांबी, आणि `Cycle length variation` म्हणजे त्या लांबीत पडणारा फरक. अ‍ॅपनुसार नावं थोडी बदलतात. बहुतेक जणी पहिला आकडा बघतात आणि पुढे जातात. पण भाकितावर विश्वास किती ठेवायचा हे सांगणारा आकडा दुसरा आहे.

तारखा दुरुस्त केल्यावर बहिणीची नोंद अशी दिसली: २ जानेवारी, २९ जानेवारी, १ मार्च, ३० मार्च, २५ एप्रिल, २९ मे, २८ जून. यातून सहा चक्रं मिळतात: २७, ३१, २९, २६, ३४ आणि ३० दिवसांची. बेरीज १७७, सरासरी साडेएकोणतीस.

फरक किती? इथे गंमत आहे. एखादं अ‍ॅप सगळ्यात लांब चक्रातून सगळ्यात छोटं वजा करतं. ३४ वजा २६, फरक आठ दिवस. दुसरं अ‍ॅप सरासरीपासून चक्रं साधारण किती दूर पडतात ते मोजतं आणि लिहितं ± ३ दिवस. तारखा त्याच, बाई तीच, आणि एका फोनवर आठ तर दुसऱ्यावर तीन. मैत्रिणीच्या अ‍ॅपमधल्या आकड्याशी आपला आकडा ताडून बघण्यात म्हणून काही अर्थ नाही. आणि ± ३ याचा अर्थ पाळी त्या सहा-सात दिवसांत येणारच, असा तर मुळीच होत नाही. या सहा चक्रांतलं ३४ दिवसांचं चक्र त्या पट्ट्याच्या बाहेर पडलं होतं, २६चंही पडलं होतं.

आपलं अ‍ॅप कोणत्या रीतीने मोजतं हे त्या आकड्यावर बोट ठेवल्यावर येणाऱ्या माहितीत बहुधा सापडतं. नाही सापडलं तर चक्रांची यादी उघडा आणि सगळ्यात छोटं व सगळ्यात लांब चक्र स्वतःच टिपून घ्या. मला विचाराल तर ते दोन आकडे पाठ असावेत, सरासरी नसली तरी चालेल.

एका तारखेऐवजी पट्टा आखा

अ‍ॅपने पुढची तारीख दिली होती २८ जुलै. साडेएकोणतीसचे तीस केले आणि २८ जूनमध्ये मिळवले. आता आपण आपला पट्टा आखू. २८ जूनमध्ये सगळ्यात छोटं चक्र मिळवलं, २६ दिवस, की येते २४ जुलै. सगळ्यात लांब मिळवलं, ३४ दिवस, की येते १ ऑगस्ट. म्हणजे खरं उत्तर २४ जुलै ते १ ऑगस्ट असं आहे. प्रवासाला निघताना पॅड बरोबर घ्यायचे का, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवायचे का, असल्या प्रश्नांना एवढं उत्तर पुष्कळ आहे, आणि या कामापुरतं अ‍ॅपवर मी डोळे मिटून विसंबते.

याच पट्ट्याने दुसरी एक धास्तीही जाते. २८ जुलै उलटली की दुसऱ्या दिवशी अ‍ॅप लाल अक्षरांत सांगायला लागतं की पाळीला एक दिवस उशीर, मग दोन, मग तीन. उशीर कशापेक्षा? सरासरीपेक्षा. मागच्या सहांपैकी तीन चक्रं सरासरीहून लांबच होती, तेव्हा या बाईला अ‍ॅपचा 'उशीर' दर दुसऱ्या महिन्याला दिसणार. तिच्यासाठी खरा उशीर १ ऑगस्टनंतर सुरू होतो. दिवस राहिल्याची शंका असेल आणि घरी किटने तपासायचं असेल, तर तेही पट्टा संपल्यावर करावं. त्याआधी आलेली एकच रेघ पक्की मानू नये. पाळी मुळातच फार मागेपुढे होत असेल तर निरोध वगैरे न वापरता शेवटचा संबंध आला त्या दिवसापासून २१ दिवस मोजा आणि मग तपासा. हा हिशेब पाळीच्या तारखेवर अवलंबून नाही.

दोन महिन्यांपुढचे गुलाबी गोळे

आता गौरींकडे येऊ. ऑगस्टची पाळी म्हणजे पुढच्या दोन चक्रांची बेरीज. जुलैची पाळी चार दिवस पुढे गेली तर ऑगस्टचीही त्या मानाने ढकलली जाते, आणि त्यावर ऑगस्टचा स्वतःचा फरक असतोच. जितकं दूरचं भाकीत, तितका पट्टा रुंद. पण अनेक अ‍ॅप दूरच्या महिन्यातही तेच पाच नेटके गोळे दाखवतात. चूक आहे ती इथे.

मी तिला एक साधी पद्धत दाखवली. लागोपाठच्या दोन-दोन चक्रांची बेरीज करायची. २७ आणि ३१ मिळून ५८, ३१ आणि २९ मिळून ६०, मग ५५, ६० आणि ६४. या प्रत्येक बेरजेइतके दिवस २८ जूनपासून पुढे मोजायचे. तारखा आल्या २५ ऑगस्ट, २७ ऑगस्ट, २२ ऑगस्ट, पुन्हा २७ आणि ३१ ऑगस्ट. तिचा स्राव पाच दिवस चालतो. २७ला सुरू झाला तर ३१पर्यंत, म्हणजे गौरी घरात येतात तो दिवस सापडला. ३१ला सुरू झाला तर आवाहन, पूजन, विसर्जन तिन्ही दिवस गेले. पाचांतल्या तीन शक्यता गौरींना आडव्या येत होत्या, आणि अ‍ॅपने मात्र ३१ तारीख कोरी ठेवली होती. तो एक दिवसाचा मोकळा कप्पा निव्वळ सरासरीच्या गोलाकार आकड्यातून आलेला होता.

पाच बेरजा म्हणजे काही मोठा पुरावा नव्हे, शिवाय दोन शेजारच्या बेरजांत एक चक्र सामाईक असतं. पण एका सरासरीपेक्षा हे चित्र पुष्कळ प्रामाणिक आहे.

जुलैची पाळी आली २७ला, २९ दिवसांनी. मग पुन्हा बसलो. आता ऑगस्ट एकाच चक्रावर होता, त्यामुळे पट्टा आखडला: २७ जुलैपासून २६ दिवस म्हणजे २२ ऑगस्ट, ३४ दिवस म्हणजे ३० ऑगस्ट. अ‍ॅपची तारीख २६ ऑगस्टच राहिली. आता सात चक्रं हाताशी होती. त्यातली ३० दिवसांपर्यंतची पाच तिला मोकळी सोडत होती, आणि ३१ व ३४ दिवसांची दोन आड येत होती. सातांत दोन. एवढी जोखीम घ्यायची की नाही, हे तिने ठरवायचं होतं. ती नको म्हणाली आणि पाळी पुढे ढकलायची गोळी विचारायला डॉक्टरांकडे गेली.

या गोळीसाठी अ‍ॅप उघडणाऱ्या पुष्कळ जणी आहेत, म्हणून थोडं थांबते. नॉरएथिस्टेरोन नावाची ती गोळी पाळीच्या अपेक्षित तारखेच्या साधारण तीन दिवस आधी सुरू करतात. अपेक्षित तारीख म्हणून अ‍ॅपची २६ ऑगस्ट धरली असती तर गोळी २३ला सुरू झाली असती. पण तिची पाळी २२लाही येऊ शकत होती, आणि एकदा सुरू झालेली पाळी या गोळीने भरवशाने मागे फिरत नाही. म्हणून डॉक्टरांना सरासरी सांगू नका, सगळ्यात छोटं चक्र सांगा. तिने तेच सांगितलं आणि गोळी १९ ऑगस्टला सुरू झाली. रक्ताची गुठळी होण्याचा इतिहास असेल तर ही गोळी चालत नाही, त्यामुळे शेजारणीची उरलेली पट्टी आणून घेऊ नये.

हिरवे दिवस आणि तो एक ठिपका

कॅलेंडरवर गुलाबीबरोबर हिरवे किंवा निळे दिवसही असतात, `Fertile window` नावाचे, आणि त्यात बीज सुटण्याचा एक ठिपका. पडद्यावरची सगळ्यात कच्ची गोष्ट हीच, आणि मुली तिच्यावर सगळ्यात मोठे निर्णय घेतात.

फक्त तारखांवर चालणारं अ‍ॅप हा ठिपका कसा काढतं? पुढच्या पाळीची अंदाजे तारीख घेतं आणि त्यातून सुमारे १४ दिवस मागे जातं. म्हणजे आधी एक अंदाज, त्यावर दुसरा अंदाज. वर सांगितलेल्या अभ्यासात बीज सुटल्यापासून पुढच्या पाळीपर्यंतचा काळ सरासरी १२.४ दिवस होता, १४ नव्हे. आणि चक्र लांबतं-आखडतं ते मुख्यतः बीज सुटण्याआधीच्या भागात. म्हणजे तुमचं चक्र चार दिवसांनी लांबलं तर बहुधा बीजच चार दिवस उशिरा सुटलेलं असतं, आणि अ‍ॅपला ते पाळी आल्यावर कळतं. तोवर हिरवे दिवस होऊन गेलेले.

बहिणीच्या जुलैच्या पानावर ठिपका १४ जुलैवर होता आणि हिरवा पट्टा ९ ते १४. आता अ‍ॅप यायच्या कितीतरी आधीपासून चालत आलेला कॅलेंडरचा नियम लावून बघा. सगळ्यात छोट्या चक्रातून १८ वजा करा, सगळ्यात लांब चक्रातून ११. २६ वजा १८ म्हणजे आठवा दिवस, ३४ वजा ११ म्हणजे तेविसावा. २८ जून हा पहिला दिवस धरला तर ५ जुलै ते २० जुलै. सोळा दिवस! अ‍ॅपने त्यातले सहाच रंगवले होते, उरलेले दहा पांढरे. मूल नको असताना त्या पांढऱ्या दिवसांना 'सेफ' म्हणणं म्हणजे सरासरीवर जुगार. या कामासाठी तारखांच्या अ‍ॅपला मी शून्य गुण देते. रोज सकाळचं तापमान घेऊन चालणाऱ्या आणि गर्भनिरोधासाठी रीतसर मान्यता मिळालेल्या पद्धती निराळ्या. त्यांचे नियम निराळे आणि रोजची मेहनतही निराळी.

मूल हवं असेल तर हिरवा पट्टा अगदीच निकामी नाही, फक्त अरुंद आहे. एका ठिपक्याची वाट बघत बसू नका. चक्राच्या आठव्या-नवव्या दिवसापासून दर दोन-तीन दिवसांनी संबंध ठेवले तर तारीख चुकली तरी बिघडत नाही. बीज सुटायच्या आधी मूत्रात वाढणारं संप्रेरक दाखवणाऱ्या पट्ट्या औषधांच्या दुकानात मिळतात. पट्टी त्या महिन्यातल्या शरीराकडे बघते, अ‍ॅप मागच्या महिन्यांकडे.

आकडा अचानक बिघडला तर

गौरी झाल्या, १ सप्टेंबरच्या रात्री गोळी बंद केली आणि ४ सप्टेंबरला स्राव आला. तिने तो नेहमीसारखा नोंदवला. अ‍ॅपने २७ जुलै ते ४ सप्टेंबर हे ३९ दिवसांचं चक्र धरलं. सरासरी ३१च्या आसपास गेली, म्हणजे फारशी हलली नाही. पण सगळ्यात लांब आणि सगळ्यात छोट्यातला फरक आठवरून तेरा झाला आणि चक्र अनियमित असल्याची सूचना आली. ती घाबरून फोन करायला लागली. शरीरात काहीच बिघडलं नव्हतं. गोळीने पुढे ढकललेलं ते चक्र, ते हिशेबात धरायचंच नाही. काही अ‍ॅपमध्ये एखादं चक्र वगळण्याची सोय असते. चक्रावर बोट ठेवलं की तो पर्याय दिसतो. तशी सोय नसेल तर त्या नोंदीला टीप जोडा आणि पुढचे सहा महिने फरकाचा आकडा स्वतःच मोजा.

दुसरा नेहमीचा बिघाड म्हणजे विसरलेली नोंद. समजा तिने २५ एप्रिल भरायची विसरली असती. मग २६ आणि ३४ दिवसांची दोन चक्रं जोडली जाऊन एकच साठ दिवसांचं झालं असतं, सरासरी गेली असती पस्तिसावर, आणि अ‍ॅपने जुलैऐवजी २ ऑगस्ट सांगितली असती. यादीत एखादं चक्र बाकीच्यांच्या जवळपास दुप्पट दिसलं की आधी स्वतःची नोंद तपासा, डॉक्टर नंतर.

रोजची गर्भनिरोधक गोळी चालू असेल तर महिन्याला येणारा स्राव गोळीच्या पाकिटानुसार येतो. अ‍ॅप तो अचूक सांगेल, पण त्यात तुमच्या चक्राबद्दल काहीच नसतं. अंगावर पाजत असाल किंवा बाळंतपणानंतरची पहिलीच पाळी असेल, तर मागची सरासरी विसरा आणि नव्याने मोजायला लागा.

फरक कधी दाखवायचा

स्त्रीरोगतज्ज्ञांच्या 'फिगो' या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१८ साली सुधारलेल्या मापांत चक्र २४ ते ३८ दिवसांचं असावं असं धरलंय. सगळ्यात छोट्या आणि लांब चक्रातला फरक २६ ते ४१ या वयात सात दिवसांपर्यंत, तर १८ ते २५ आणि ४२ ते ४५ या वयांत नऊ दिवसांपर्यंत चालतो. माझी बहीण २९ वर्षांची, फरक आठ. एका दिवसाने बाहेर. हाच आठ माझ्या ४३ वर्षांच्या नणंदेचा असता तर मापात बसला असता. एका दिवसासाठी धावत सुटायचं कारण नाही, पण पुढची सहा चक्रंही अशीच राहिली तर दाखवावं, असं आमचं ठरलंय. पाळी नुकतीच सुरू झालेल्या मुलींना पहिली दोन-तीन वर्षं ही मापं लावू नयेत. त्यांची चक्रं बरीच मागेपुढे होतात.

दिवस राहिलेले नसताना तीन महिने पाळी आली नाही, चक्रं सारखी २४च्या आत किंवा ३८च्या पुढे जाऊ लागली, किंवा मधेच रक्त जाऊ लागलं, तर अ‍ॅप काय म्हणतंय याची वाट बघू नका. आणि जाताना डॉक्टरांसमोर रंगीत गोळ्यांचा पडदा धरू नका. त्यांना सरासरी नको असते, तारखा हव्या असतात. बहिणीने एका चिठ्ठीवर नऊ तारखा लिहून नेल्या होत्या, शेवटच्या तारखेपुढे 'गोळी घेतली' असं कंसात. डॉक्टरांनी ती चिठ्ठी केसपेपरला टाचून ठेवली.